कोट अंगावर बसतो, पण माणूस कोटात बसत नाही: फोटोतला शर्ट बदलताना चुण्यांचं काय करायचं?

अमळनेरी_फोटोवाला

मंडळी, अमळनेरला माझा लहानसा स्टुडिओ आहे. बायोडाटा, नोकरीचे फोटो, साखरपुडे, सगळंच करतो. "दादा, कोट लावून द्या" हे आमच्याकडे रोजचंच वाक्य. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असताना खरा कोट घालून कोण येणार? त्यामुळे संगणकात तयार कोटांच्या वीस-पंचवीस फाइली ठेवल्यात. समोर बघून, खांदे सरळ ठेवून काढलेला फोटो असला तर दहा मिनिटांत काम होतं.

या वेळी मात्र अडकलोय. एक मुलगा सुरतला नोकरीला गेलाय, दिवाळीशिवाय गावी यायचा नाही. कंपनीला छातीपर्यंतचा फॉर्मल फोटो हवाय. त्याच्याकडे एकच चांगला फोटो आहे, बहिणीने घरी खिडकीजवळ मोबाइलवर काढलेला. खुर्चीवर बसलाय, अंगात आकाशी चौकड्यांचा शर्ट. धड त्याच्या उजवीकडे वळलेलं, अंदाजे ३० अंश, म्हणजे डावा खांदा आपल्याकडे. चेहरा मात्र वळवून सरळ कॅमेऱ्यात बघतोय. डावा हात पुढे गुडघ्यावर आहे. उजेड आपल्या डाव्या हाताने येतोय.

मी नेव्ही ब्लू, दोन बटणांचा कोट घेतला. त्यातला उजेड उलट्या बाजूचा होता म्हणून फाइल आडवी पलटवली. मग मान जुळवली, रंग जुळवला, कडा एकदम साफ केल्या. झूम करून बघितलं तरी जोड सापडत नाही. तरी मुलाचा मेसेज आला, "दादा, फोटो माझाच आहे, पण मी त्यात नाही." आणि तो खरं बोलतोय. जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या कोटामागे मान घालून उभा राहिल्यासारखा दिसतोय. शर्टावर ज्या चुण्या होत्या त्या गेल्या, आणि कोटावर ज्या आहेत त्या त्याच्या बसण्याशी जुळत नाहीत. कुठे चुकतोय?

शेवभाजी

भो, अमळनेरच्या मे महिन्यात पोरगा कोटात एवढा गार दिसतोय, तिथेच लोकांना संशय येणार. जरा घाम पण लाव!

चोपड्याची_सून

फोटो काढायच्या आधी शर्टाला इस्त्री करून घेतली असती तर चुण्यांचा प्रश्नच आला नसता ना? आमच्याकडे लग्नाच्या फोटोच्या वेळी दारात इस्त्रीवाला बसवून ठेवतात.

अमळनेरी_फोटोवाला

ताई, त्या सुरकुत्या वेगळ्या. इस्त्री केलेला कडक शर्ट घालून हात पुढे घेतला तरी काखेशी कापड गोळा होतंच. मी त्या चुण्यांबद्दल विचारतोय.

पाचोरा_लोकल

सोपं आहे. कोट चिकटवूच नको. शर्ट सिलेक्ट कर, वर नेव्ही रंगाचा लेअर टाक आणि Multiply ला ठेव. शर्टाच्या खऱ्या चुण्या खालून दिसतील. त्या पोजच्याच असल्यामुळे आपोआप जुळतील. लॅपल आणि कॉलर तेवढी वरून काढून घे. मी असे कितीतरी केलेत.

भुसावळची_मीनल

पाचोरा_लोकल, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार कामाचं आहे, म्हणून नीट लिहिते. मी बारा वर्षं रिटचिंगच करते.

चुण्यांची *दिशा* शर्टाकडूनच घ्यायची, यात वाद नाही. कुठे ताण आहे आणि कुठे कापड सैल पडलंय, ते शर्ट खरं सांगतो. पण चुण्यांचा *पोत* शर्टाचा घेतला की घोटाळा होतो. सुती शर्टाच्या चुण्या बारीक, टोकदार आणि भरपूर असतात. कोटाचं सुटिंग जाड असतं, आतून अस्तर आणि छातीला कॅनव्हास असतो, त्यामुळे त्याच्या चुण्या कमी, रुंद आणि गोलसर कडांच्या येतात. शर्टाला जिथे सात रेघा पडतात तिथे कोटाला एकच मऊ लाट येते. Multiply ने नेव्ही रंग दिलात तर तो गडद रंगाचा शर्टच राहतो. शिवाय या मुलाच्या शर्टावर चौकडा आहे, तो खालून डोकावणार तो वेगळाच.

आता अमळनेरी दादा, तुमच्या कोटाबद्दल तीन गोष्टी.

पहिली, तुम्ही फाइल पलटवलीत. छातीवरचा खिसा कुठे गेला ते बघा. पुरुषांच्या कोटाला खिसा डाव्या छातीवर असतो आणि डावी बाजू उजवीवर येते. पलटवल्यावर खिसा उजवीकडे गेला आणि बटणपट्टी बायकांच्या कोटासारखी झाली. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. उजेड जुळवायला फाइल पलटवणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

दुसरी, टायची गाठ कुठे ठेवलीत? हनुवटीच्या बरोबर खाली ना? मुलगा समोर बघतोय, पण छाती त्याच्या उजवीकडे आहे. गाठ छातीबरोबर जाते, चेहऱ्याबरोबर जात नाही. म्हणजे ती हनुवटीच्या खाली नको, आपण बघतो तेव्हा थोडी डावीकडे हवी. मूळ फोटोत शर्टाचं वरचं बटण बघा, ते तिथेच असेल. पुठ्ठ्याच्या कोटासारखं दिसतंय त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

तिसरी, लॅपल. समोरून काढलेल्या कोटाची दोन्ही लॅपलं सारखीच रुंद असतात. धड वळलं की जवळचं रुंद आणि लांबचं अरुंद दिसायला हवं. तुमच्या फोटोत मुलाचं डावं लॅपल मोठं आणि उजवं आखडलेलं असायला हवं होतं.

अमळनेरी_फोटोवाला

मीनलताई, आत्ता उघडून बघितलं. खिसा उजवीकडेच आहे! आणि गाठ हनुवटीखाली. मूळ फोटोत वरचं बटण हनुवटीपासून चांगलं बोटभर डावीकडे आहे. एवढ्या वर्षांत हे कधी बघितलंच नव्हतं.

मग आता Warp ने कोट ओढून वळवता येईल का?

भुसावळची_मीनल

थोडा वळवता येईल. माझा अनुभव असा, की समोरून काढलेला कोट १०-१५ अंशांपर्यंत ओढाताण सहन करतो. त्यापुढे लॅपलची कड लाटेसारखी होते आणि कापडाची वीण एका बाजूला ताणलेली दिसते. ३० अंशांना तो कोट चालणार नाही. तितकाच वळलेला कोट शोधा, नाहीतर स्वतः काढा.

केळीवाला_रावेर

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारतो. आमचे आप्पा मागच्या वर्षी गेले. त्यांचा बागेतला एक फोटो आहे, पांढरा शर्ट, टोपी, केळीच्या घडाला हात लावून उभे. भाऊ म्हणतो वर्षश्राद्धाला मोठा फोटो करू आणि कोट घालू. किती खर्च येईल? हात घडावर आहे तो काढता येईल का?

भुसावळची_मीनल

दादा, करता येईल, पण मनापासून सांगू? हात वर असताना खांदा उचललेला असतो आणि मान थोडी कलते. हात काढून कोट घातला तर खांदा विनाकारण वर दिसेल. तो खाली आणायचा तर मान बदलावी लागेल, आणि मान बदलली की आप्पा आप्पांसारखे दिसणार नाहीत. आहे तसाच फोटो साफ करून मोठा करा.

केळीवाला_रावेर

घरात बोलून बघतो. आप्पांनी आयुष्यात कोट घातला नव्हता हे पण खरं आहे.

नंदुरबारी

मला मुळातच हे पटत नाही. अंगात शर्ट होता तर कोट कशाला दाखवायचा? उद्या परीक्षेच्या फॉर्मला असा फोटो लावला आणि केंद्रावर अडवलं तर जबाबदार कोण?

अमळनेरी_फोटोवाला

परीक्षेच्या फॉर्मला आणि पासपोर्टला मी असं काम करतच नाही, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. हा फोटो कंपनीच्या वेबसाइटवर नावाशेजारी लावायचा आहे. चेहऱ्याला मी हात लावलेला नाही, गालावरचा तीळ पण तसाच आहे.

नंदुरबारी

तरी माझं मत तेच आहे. तिथल्या एखाद्या मित्राचा कोट घालून सुरतलाच फोटो काढायला सांगायचं. अर्ध्या तासाचं काम.

अमळनेरी_फोटोवाला

विचारलं होतं भाऊ. त्याची दोन पाळ्यांची ड्युटी आहे, आणि हा फोटो त्याच्या आईला आवडलाय. तोच हवा म्हणतो.

मुंढा_आणि_बाही

धाग्यावर उशिरा आलो. मी शिरपूरचा टेलर, वडिलांपासून कोट शिवतोय. फोटोशॉप मला येत नाही, पण चुण्या कुठून येतात ते रोज ट्रायलच्या आरशात बघतो.

चूण नेहमी कुठून तरी निघते आणि कुठेतरी जाते. कोटात निघायच्या जागा मोजक्याच, मुंढा म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात ती जागा, बटण, खांद्याचं टोक आणि मानेमागची कॉलर. गिऱ्हाइकाने हात पुढे घेतला की मुंढ्याच्या पुढच्या बाजूला, काखेच्या वर, कापड गोळा होतं. तिथे दोन-तीन आखूड घड्या पडतात, काखेतून छातीकडे जाणाऱ्या. त्याच वेळी पाठीमागे कापड ताणलं जातं. तुमच्या पोराचा डावा हात पुढे आहे, म्हणजे डाव्या काखेपाशी त्या घड्या हव्यातच. उजवा हात खाली सुटलेला असेल तर तिथे मुंढ्यापासून खाली एक सैल, उभी घडी पडते, झोलासारखी. दोन्ही बाजूंना सारखं दिसलं तर समजायचं की कोट दुसऱ्या कोणाच्या अंगावरचा आहे.

दुसरं म्हणजे पोरगा बसलाय. तयार फाइलीतला कोट बहुतेक उभ्या माणसाचा आणि बटण लावलेला असणार. बटण लावून बसलं की कोट पोटापाशी अडतो, कॉलर मानेमागे वर चढते आणि लॅपल फुगून पुढे येतं. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, बसताना बटण सोडा. बटण सुटलं की बटणाकडे ओढणाऱ्या तिरक्या रेघा जातात आणि लॅपल मऊ पडतं. म्हणजे बसलेल्या माणसाच्या फोटोत बटणापाशी ताणाच्या रेघा आल्या, तर तो कोट एकतर तंग आहे नाहीतर उसना.

आणि एक. कॉलरच्या वर शर्टाची पांढरी पट्टी दिसायला पाहिजे, मागच्या बाजूला अर्धा इंच तरी. ती नसली की मान आखूड दिसते.

शेवभाजी

टेलरदादांनी तर कोटाचा पंचनामाच केला. मस्त शे भो!

पाचोरा_लोकल

मान्य, बारीक चुण्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग डाव्या काखेतल्या घड्या आणायच्या कशा? हाताने रंगवायच्या?

भुसावळची_मीनल

रंगवता येतात. ५०% करड्या रंगाचा लेअर, Soft Light मोड, त्यावर मऊ ब्रशने एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद करायचं. ब्रशचा Flow ५-६ टक्केच ठेवायचा. घडीची उजळ बाजू खिडकीकडे हवी, म्हणजे या फोटोत आपल्या डावीकडे. पण एखाद-दुसरी घडी रंगवणं वेगळं, आणि अख्ख्या मुंढ्याची चाल रंगवणं वेगळं. तिथे मी स्वतः फसलेय.

टेलरदादांचं वाचून मला सरळ रस्ता दिसतोय. अमळनेरी दादा, तुम्ही एक खरा कोट आणा, तेवढ्याच अंगाच्या माणसाला घाला, त्याला तसंच बसवा आणि फोटो काढा. चुण्या आपोआप खऱ्या येतील. त्या माणसाचा चेहरा आपल्याला नकोच आहे.

बसवताना चार गोष्टी सांभाळा. खिडकी त्याच बाजूला हवी. कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, मूळ फोटोत डोळ्यांच्या रेषेत असेल तर इथेही तिथेच. अंतरही तेवढंच ठेवा. मोबाइल जवळून धरला की पुढचा खांदा मोठा होतो, तो मोठेपणा दोन्हीकडे सारखा आला पाहिजे, म्हणून बहिणीला विचारा ती किती लांब उभी होती. आणि हात गुडघ्यावर ठेवायला विसरू नका. फ्रेममध्ये हात येत नाही म्हणून लोक तो कसाही ठेवतात, आणि काखेतली घडीच निघून जाते.

मुंढा_आणि_बाही

अमळनेरहून शिरपूरला कोणी येणार असेल तर कोट माझ्याकडून न्या. ३८ छातीचा नेव्ही कोट ट्रायलसाठी पडलेला आहे, टाके पक्के आहेत. पोराची छाती किती?

अमळनेरी_फोटोवाला

३८ च असावी, शर्ट ३८ चा घालतो म्हणाला. टेलरदादा, माझा साडू गुरुवारी शिरपूरला आहे, त्याला पाठवतो. तुमचे उपकार.

चोपड्याची_सून

आता समजलं मला, इस्त्रीचं मी भलतंच लिहिलं होतं. पण हे वाचायला छान वाटतंय. दादा, झाल्यावर सांगा हं.

अमळनेरी_फोटोवाला

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. काम झालं. काय काय केलं ते सविस्तर सांगतो, कोणाला उपयोगी पडेल.

धाकट्या भावाला बसवलं, त्याचं अंग त्या मुलाएवढंच आहे. बहिणीला फोन केला, ती म्हणाली "पलंगाच्या कडेला बसून काढला, चार फुटांवरून." मग आमच्या घराच्या खिडकीशी खुर्ची लावली आणि भावाला पांढरा शर्ट, टाय आणि टेलरदादांचा कोट घातला, बटण सोडून. मूळ फोटो लॅपटॉपवर मोठा करून समोर ठेवला आणि भावाचा खांदा तसा येईपर्यंत वळवत राहिलो. पहिले सहा-सात फोटो वायाच गेले, कारण तो चेहऱ्याबरोबर धडपण वळवत होता. शेवटी भिंतीवर खडूने खूण केली आणि छाती तिकडे ठेवायला सांगितली, तेव्हा जमलं.

मग फोटोशॉपमध्ये कोट मूळ फोटोवर ५० टक्के पारदर्शक करून ठेवला. तीन जागा जुळवल्या, गळ्याची खळगी आणि दोन्ही खांद्यांची टोकं. कोटाला पॅड असल्यामुळे खांदा शर्टाच्या शिवणीच्या बोटभर बाहेर जातो, तेवढा जाऊ दिला. लांबचा खांदा किंचित वर येत होता, तो Puppet Warp ने दोन खुणा लावून खाली घेतला. बाकी कोटाला हात लावला नाही. डाव्या काखेत टेलरदादांनी सांगितल्या तशाच तीन आखूड घड्या आल्यात, आणि मूळ शर्टात जिथे कापड गोळा झालं होतं अगदी तिथेच. दोन्ही फोटो एकावर एक उघडझाप करून बघितले तेव्हा अंगावर काटा आला. शर्टात सात-आठ रेघा होत्या, कोटात तीन, आणि सगळ्या त्याच दिशेला.

मानेखाली कॉलरवर सावली कमी होती, ती वेगळ्या लेअरवर Multiply ने घातली. मग मोबाइलच्या फोटोतला दाणा कोटावर पण आणला, नाहीतर कोट चेहऱ्यापेक्षा स्वच्छ दिसत होता.

एकच गोष्ट खटकतेय. हनुवटीच्या खालची त्वचा जरा निळसर वाटते, तो आकाशी शर्टाचा उजेड असावा. आता खाली पांढरी कॉलर आणि नेव्ही कोट आहे.

भुसावळची_मीनल

बरोबर ओळखलंत. कापड हनुवटीखाली रंग फेकतं. तेवढाच भाग निवडून Curves मध्ये निळा थोडा कमी करा. कॉलर पांढरी आहे, त्यामुळे कॉलरच्या लगत किंचित उजळही चालेल, पण थोडंच. दाढीच्या खुंटांवर बघा, तिथे रंग लगेच चुकतो.

पाचोरा_लोकल

काम झकास झालंय असं वाटतं. पण फॉर्मल फोटो आहे, तर काखेतल्या त्या तीन घड्या थोड्या साफ करायला नकोत का? गिऱ्हाइकाला गुळगुळीत कोट आवडतो.

मुंढा_आणि_बाही

त्या घड्या काढल्या तर पोराचा हात कुठे गेला असं वाटेल. राहू द्या.

भुसावळची_मीनल

मी दोन काढणार नाही. तिसरी फार गडद असेल तर अर्ध्यावर आणीन.

पाचोरा_लोकल

मी तरी एक काढली असती.

अमळनेरी_फोटोवाला

मुलाला पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "आता मी आहे." पण त्याची आई म्हणते तोंड लहान दिसतंय. पॅडमुळे खांदे रुंद झाले म्हणून असेल का? चेहरा मोठा करायची माझी अजिबात इच्छा नाही. खांद्याची टोकं दोन्हीकडून थोडी आत घ्यावीत का, टेलरदादा?

मुंढा_आणि_बाही

भावाच्या आणि पोराच्या खांद्याचं माप एकदा टेपने घ्या. कोट ३८ छातीचा असला तरी खांदा साडेसतरा आहे. पोराचा सतरा असेल तर दोन्हीकडून पाव-पाव इंच आत घ्यायला हरकत नाही. पण मुंढ्यासकट आत घ्या, नुसतं टोक घेतलं तर बाही लोंबेल.

चोपड्याची_सून

दादा, माझ्या नणंदेचा फोटो आहे, साडीतला, पदर डाव्या खांद्यावर. तिला शाळेच्या ओळखपत्रासाठी वरून ब्लेझर हवाय. पदराच्या निऱ्यांनी खांदा उंच झालाय, तर ब्लेझर त्याच्यावर बसवायचा की पदर आधी काढायचा?

मुंढा_आणि_बाही

ताई, फोटो टाका. पदर पिन केलेला आहे की सोडलेला, त्यावर सगळं आहे.